बेरीज सगळीकडे ४५, तरीही चौकट चुकलेली

खाली सुडोकूची एक पूर्ण भरलेली चौकट आहे. कच्च्या कागदावर खोडाखोड करत सोडवलेले कोडे दुसऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून घेतात, तशी ही उतरवलेली प्रत समजा. एकही घर रिकामे नाही, सगळे अंक १ ते ९ मधलेच आहेत, आणि बेरजा करून पाहिल्या तर एकही चुकत नाही. प्रश्न एवढाच, की ही चौकट नियमांत बसते का?

```
६ २ ३ | ८ ५ ४ | ७ १ ९
४ ८ ७ | ३ १ ९ | २ ५ ६
२ ९ ४ | ५ ३ ७ | ६ ८ १
------+-------+------
९ १ ५ | ७ २ ६ | ८ ४ ३
३ ७ १ | ४ ६ ८ | ५ ९ २
८ ५ ६ | १ ९ २ | ३ ७ ४
------+-------+------
१ ३ ८ | २ ४ ५ | ९ ६ ७
५ ४ ९ | ६ ७ ३ | १ २ ८
७ ६ २ | ९ ८ १ | ४ ३ ५
```

पुढे घोळ नको म्हणून शब्द आधी ठरवून घेऊ. आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ, आणि जाड रेघांनी वेगळा केलेला नऊ घरांचा तो चौकोन. चौकोनांचे क्रमांक डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली: वरचे १, २, ३, मधले ४, ५, ६, खालचे ७, ८, ९. एका रांगेतले तीन चौकोन मिळून एक पट्टा होतो. आडवे पट्टे तीन, उभे पट्टेही तीन. नियम एकच आहे, पण तो २७ ठिकाणी लागतो: नऊ ओळी, नऊ स्तंभ आणि नऊ चौकोन यांतल्या प्रत्येकात १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत.

आधी बेरजेचा निकाल लावू, कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. १ ते ९ ची बेरीज ४५. या चौकटीत नऊही ओळींची बेरीज ४५ भरते, नऊही स्तंभांची भरते आणि नऊही चौकोनांचीही भरते. सत्तावीसच्या सत्तावीस. तरीही पहिला चौकोन नुसता वाचून पाहा: ६ २ ३, ४ ८ ७, २ ९ ४. त्यात २ दोनदा आहे, ४ दोनदा आहे, आणि १ व ५ यांचा पत्ताच नाही. जास्तीच्या २ आणि ४ ची बेरीज ६, गायब झालेल्या १ आणि ५ ची बेरीजही ६. म्हणून एकूण ४५ च राहिली.

बेरीज ४५ आली नाही तर चूक नक्की आहे. मात्र ४५ आली म्हणजे बरोबर आहे असे काही ठरत नाही. ८१ घरांत ५ च ५ भरले तरी सत्तावीसही बेरजा ४५ येतील. यावर काही जण गुणाकाराची जोड देतात: बेरीज ४५ आणि गुणाकार ३,६२,८८० असेल तर ओळ बरोबर. तेही खरे नाही. १, २, ४, ४, ४, ५, ७, ९, ९ हे नऊ अंक घ्या. बेरीज ४५, गुणाकार ३,६२,८८०, आणि ३, ६, ८ हे अंक त्यात नाहीतच. अंक हजर आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहण्याला दुसरा पर्याय नाही, आणि ते बेरजेपेक्षा सोपेही आहे.

आता ओळी आणि स्तंभ अंक पाहून तपासले तर? पहिली ओळ ६ २ ३ ८ ५ ४ ७ १ ९, नऊ वेगळे अंक. तिसरी २ ९ ४ ५ ३ ७ ६ ८ १, तीही ठीक. पहिला स्तंभ वरून खाली ६ ४ २ ९ ३ ८ १ ५ ७, ठीक. असे अठराच्या अठरा बरोबर निघतात. इथेच थांबणारे पुष्कळ असतात, कारण मनात असा हिशेब असतो की ओळी बरोबर आणि स्तंभही बरोबर, मग चौकोन कुठे जातील? ते कुठेही जाऊ शकतात. ओळी आणि स्तंभ एवढेच पाळणाऱ्या ९ × ९ चौकटींना लॅटिन चौरस म्हणतात आणि त्यांची संख्या सुमारे ५.५ × १०<sup>२७</sup> आहे. सुडोकूच्या सगळ्या वैध चौकटी किती, हे बर्ट्रम फेल्गेनहॉवर आणि फ्रेझर जार्विस यांनी २००५ मध्ये मोजले. ती संख्या सुमारे ६.६७ × १०<sup>२१</sup>. भागाकार केला तर सव्वाआठ लाखांहून अधिक लॅटिन चौरसांमागे एखादाच सुडोकू निघतो. म्हणजे ओळी आणि स्तंभ पाळले तरी चौकोनांचा नियम ही वेगळी आणि कडक चाळणी उरतेच, आणि नेमकी तीच चाळणी लोक गाळतात.

नऊही चौकोन वाचले की चित्र स्पष्ट होते. दुसऱ्यात ३ आणि ५ जास्तीचे, २ आणि ६ गायब. तिसऱ्यात १ आणि ६ जास्तीचे, ३ आणि ४ गायब. चौथ्यात १ आणि ५ जास्तीचे, २ आणि ४ गायब. पाचव्यात २ आणि ६ जास्तीचे, ३ आणि ५ गायब. सहाव्यात ३ आणि ४ जास्तीचे, १ आणि ६ गायब. सातवा, आठवा, नववा निर्दोष.

सहा चौकोन चुकले म्हणून सहा चुका झाल्या असे समजू नये. पहिल्या आणि चौथ्या चौकोनाची नोंद शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात १ आणि ५ नाहीत, तेच चौथ्यात दोनदा आहेत. पहिल्यात २ आणि ४ दोनदा आहेत, तेच चौथ्यात नाहीत. दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि सहावा यांचेही असेच. वरच्या पट्ट्यातले काहीतरी मधल्या पट्ट्यात गेले आहे आणि त्याच्या बदल्यात मधले वर आले आहे.

नेमके काय गेले, हे जास्तीचे अंक कुठे बसलेत यावरून कळते. पहिल्या चौकोनात २ आहे पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत, ४ आहे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. दुसऱ्या चौकोनात ५ पहिल्या आणि तिसऱ्या, ३ दुसऱ्या आणि तिसऱ्या. तिसऱ्या चौकोनात १ पहिल्या आणि तिसऱ्या, ६ दुसऱ्या आणि तिसऱ्या. प्रत्येक जोडीत तिसरी ओळ आहेच. मधल्या पट्ट्यात हेच केले तर प्रत्येक जोडीत चौथी ओळ सापडते. तेव्हा संशय एकाच गोष्टीवर येतो: उतरवताना तिसरी आणि चौथी ओळ एकमेकींच्या जागी लिहिली गेली. त्या दोन ओळींची अदलाबदल करून पुन्हा वाचा. पहिला चौकोन होतो ६ २ ३, ४ ८ ७, ९ १ ५, आणि सहाही चौकोन एकदम बरोबर येतात. कच्चा कागद हाताशी असेल तर खात्री त्यावरूनच करावी. नसेल तर एका अदलाबदलीने सगळे दोष एकदम मिटतात, एवढा पुरावा पुरेसा मानायला हरकत नाही.

ओळी बदलूनही स्तंभ का बिघडले नाहीत, तर स्तंभात अंक कितव्या जागी आहे याला महत्त्व नसते, तो आहे एवढेच पुरते. बिघाड दिसला तो दोन ओळींच्या मध्ये जाड रेघ होती म्हणून. दुसरी आणि तिसरी ओळ अदलाबदल झाली असती तर सत्तावीसही तपासण्या निर्धास्त पार पडल्या असत्या. आणि चौकोनांच्या बेरजाही ४५ राहिल्या त्या एका योगायोगाने: ९ १ ५, ७ २ ६, ८ ४ ३ आणि २ ९ ४, ५ ३ ७, ६ ८ १ या सगळ्या तिकड्यांची बेरीज १५ आहे. हा योगायोग नमुन्यासाठी मुद्दाम जमवलेला आहे हे कबूल. बहुतेक वेळा अशा अदलाबदलीत निदान चौकोनांच्या बेरजा तरी बिघडतात.

कागदावर तपासायचे असेल तर ओळ, मग स्तंभ, मग चौकोन असे तीनदा फिरण्यापेक्षा एकेक अंक धरून जाणे जास्त भरवशाचे. रीत अशी. अंक १ घ्या. वरच्या ओळीपासून खाली जात प्रत्येक ओळीत १ कितव्या स्तंभात आहे तो आकडा लिहा. चुकलेल्या चौकटीत ही माळ येते ८ ५ ९, २ ३ ४, १ ७ ६. एखाद्या ओळीत अंक सापडलाच नाही तर ती ओळ चुकली. माळेत एखादा आकडा दोनदा आला तर तो स्तंभ चुकला. इथे दोन्ही ठीक आहे. मग माळेची तीन-तीन आकड्यांची तिकडी पाहा: प्रत्येक तिकडीत एक आकडा १ ते ३ मधला, एक ४ ते ६ मधला आणि एक ७ ते ९ मधला हवा. ८ ५ ९ मध्ये ८ आणि ९ दोन्ही उजव्या पट्ट्यातले, डावीकडचा एकही नाही. म्हणजे तिसऱ्या चौकोनात दोन १ आहेत आणि पहिल्यात एकही नाही. नऊ आकडे लिहिले नाहीत तोच चूक हाती आली. ओळी दुरुस्त केल्यावर माळ होते ८ ५ २, ९ ३ ४, १ ७ ६, आणि तिन्ही तिकड्या बसतात.

मात्र नऊही अंकांच्या माळा पूर्ण करायच्या, मध्ये सोडायचे नाही. याच चुकलेल्या चौकटीत कुणी उलट, म्हणजे ९ पासून सुरू केले, तर ९ ची माळ निर्दोष येते, ८ ची येते, ७ चीही येते. कारण तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत हे तीन अंक एकाच उभ्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे अदलाबदलीने त्यांचे चौकोन बिघडले नाहीत. तीन अंक बरोबर आले म्हणून पेन खाली ठेवले तर चूक तशीच राहते. चौथ्या खेपेला, ६ वर, ती पकडली जाते.

आता प्रश्न येतो की २७ तपासण्या सगळ्या लागतातच का. लागत नाहीत, २१ पुरतात. पण कोणत्या सहा सोडायच्या याला नियम आहे. एक आडवा पट्टा घ्या. त्याचे तिन्ही चौकोन बरोबर आहेत हे पाहून झाले, म्हणजे त्या २७ घरांत प्रत्येक अंक बरोबर तीनदा आहे. त्या पट्ट्यातल्या दोन ओळी बरोबर आहेत हेही पाहिले, म्हणजे प्रत्येक अंकाच्या दोन जागा त्या ओळींत गेल्या. उरलेल्या ओळीसाठी प्रत्येक अंक एकेकच शिल्लक राहतो, म्हणून ती ओळ न पाहताही बरोबरच असते. हेच तीन आडव्या पट्ट्यांत केले तर तीन ओळी वाचतात, आणि तीन उभ्या पट्ट्यांत केले तर तीन स्तंभ. नऊ चौकोन, सहा ओळी, सहा स्तंभ मिळून २१.

एका पट्ट्यातल्या दोन ओळी मात्र सोडता येत नाहीत. दुरुस्त केलेल्या चौकटीत सातव्या चौकोनातल्या पहिल्या स्तंभात आठव्या ओळीत ५ आणि नवव्या ओळीत ७ आहे. हे दोनच अंक उलटसुलट लिहा. स्तंभात तेच नऊ अंक राहिले, चौकोनातही तेच. आठवी ओळ झाली ७ ४ ९ ६ ७ ३ १ २ ८, दोन ७. नववी झाली ५ ६ २ ९ ८ १ ४ ३ ५, दोन ५. सत्तावीसपैकी पंचवीस तपासण्या पार, आणि नापास झालेल्या दोन नेमक्या त्याच, ज्या ‘एवढे सगळे बरोबर आले, शेवटच्या दोन ओळीही असणारच’ म्हणून सोडल्या जातात. शिवाय २१ ची युक्ती ‘बरोबर’ हा निकाल द्यायला चालते, दोष शोधायला नाही. एक जरी तपासणी चुकली तर सगळ्या २७ करून कुठे काय बिघडले याचा तक्ता काढावा, जसा वर सहा चौकोनांचा काढला. हाताने एकच चौकट तपासायची असेल तर माळांची रीतच बरी, सहा तपासण्या वाचवण्यासाठी डोके शिणवण्यात फारसा फायदा नाही.

पुष्कळ चौकटी असतील तर काम संगणकाकडे द्यावे. पायथॉनमध्ये एवढे पुरते:

```python
FULL = set(range(1, 10))

def check(g):
    bad = []
    for i in range(9):
        row = g[i]
        col = [g[r][i] for r in range(9)]
        r0, c0 = i // 3 * 3, i % 3 * 3
        box = [g[r0 + a][c0 + b] for a in range(3) for b in range(3)]
        for name, part in (("row", row), ("col", col), ("box", box)):
            if len(part) != 9 or set(part) != FULL:
                bad.append((name, i + 1))
    return bad
```

वरची चुकलेली चौकट दिली की `('box', 1)` पासून `('box', 6)` पर्यंत सहा नोंदी परत येतात. दुरुस्त चौकटीला रिकामी यादी येते. या कोडमध्ये घसरायची जागा एकच आहे, ती म्हणजे `r0` आणि `c0`. शेवटचे `* 3` विसरले तर पहिलाच चौकोन खरा वाचला जातो, बाकीच्या आठ खिडक्या त्याच कोपऱ्यात एक-दोन घरे सरकलेल्या असतात, आणि निर्दोष चौकटीही नापास होऊ लागतात. दुसरी अडचण मजकुरातून वाचलेल्या अंकांची: `'5'` आणि `5` पायथॉनला सारखे नाहीत, म्हणून आधी `int` करून घ्यावे, नाहीतर सगळ्या २७ तपासण्या एकदम नापास दिसतात. २७ पैकी २७ नापास आल्या तर दोष चौकटीत नसून वाचण्यात आहे असे धरून चालावे. आणि `set(part) != FULL` च्या जागी `sum(part) != 45` लिहिणाऱ्याच्या कोडला वरची चुकलेली चौकट द्यावी. रिकामी यादी येईल.

दुरुस्त केलेली चौकट आता सगळ्या नियमांत बसते. पण ती दिलेल्या कोड्याचे उत्तर आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि तो या तपासण्यांनी सुटत नाही. पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. पाचव्या स्तंभात वर ५, खाली १. आठव्या स्तंभात वर १, खाली ५. या चार घरांत ५ आणि १ यांची अदलाबदल करा: पाचव्यात वर १, खाली ५, आठव्यात वर ५, खाली १. दोन्ही ओळींत तेच अंक राहतात, दोन्ही स्तंभांत तेच, दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनातही तेच. ही दुसरी चौकटही सत्तावीसही तपासण्या पार करते. कोडे छापताना या चारांपैकी एक तरी घर आधी भरून दिलेले असेल, तरच दोन्हींतली एक बाद होते. चारही रिकामी दिली असतील तर कोड्याला निदान दोन उत्तरे आहेत, आणि छापलेल्या उत्तराशी जुळले नाही म्हणून सोडवणाऱ्याची चौकट चूक म्हणता येत नाही. म्हणून नियमांची तपासणी झाली की मूळ कोड्यातले दिलेले अंक एकेक करून चौकटीवर टेकवून पाहायचे. २५ अंक दिले असतील तर २५ घरे पाहायची. दुसरी आणि तिसरी ओळ उलटी उतरवली गेली असेल, तर तीही इथेच सापडते.